साहेबांची वेळ मागताना

एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याला पंधरा मिनिटे भेटायचे असते. काम छोटेसेच असते, पण ते त्यांच्या ‘हो’शिवाय होणारे नसते. फोन लावला की पलीकडून आवाज येतो तो साहेबांचा नव्हे, त्यांच्या सचिवांचा. इथेच अनेकांचा सूर बदलतो. कोणी आवाज चढवितो, ‘साहेबांनाच द्या, तुम्हाला नाही सांगता येणार’ असे म्हणतो. कोणी इतका नरमतो की दहा मिनिटे बोलूनही काम काय आहे ते सांगत नाही. दोघांनाही उत्तर एकच मिळते, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ मग घरी येऊन तक्रार होते, ‘ती सेक्रेटरी भेटूच देत नाही!’

खासगी कंपनीत सेक्रेटरी किंवा एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, सरकारी कचेरीत स्वीय सहायक किंवा पी.ए., नाव काहीही असो, या व्यक्तीचे काम लोकांना अडविण्याचे नसते. अधिकाऱ्याच्या मर्यादित वेळेत कोणते काम कधी बसवायचे, हे ठरविण्याची जबाबदारी तिच्यावर असते. ती हे काम नेमके कसे करते, हे समजले की वेळ मागणेही सोपे होते.

डायरी कशी भरते?

एखाद्या कारखान्याच्या प्रमुखाचा दिवस पाहू. सकाळी उत्पादनाची रोजची बैठक, मग कारखान्यात फेरी, त्यानंतर मुख्य कार्यालयाशी बोलणे. दुपारी सह्या, एखादा ठरलेला पाहुणा, संध्याकाळी उद्याच्या कामाची आखणी. यातल्या बऱ्याच वेळा कायमच्या ठरलेल्या असतात आणि त्या हलत नाहीत. त्यामुळे आठ-नऊ तासांच्या दिवसात बाहेरच्या माणसासाठी एखाद-दुसरीच फट उरते. ती फट सचिवाला ठाऊक असते, आपल्याला नसते.

शिवाय आपण मागतो पंधरा मिनिटे, पण डायरीत ती जवळजवळ अर्धा तास खातात. आधीची बैठक लांबते, पाहुण्याला दारावरून आत आणावे लागते, बोलून झाल्यावर साहेबांना दोन फोन करायचे असतात. म्हणून अनुभवी सचिव दोन भेटींच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवते. कित्येकदा ती आपल्याला लगेच ‘नक्की’ म्हणत नाही, ‘गुरुवार धरून ठेवते, आदल्या दिवशी कळविते’ असे म्हणते. ही टाळाटाळ नव्हे. पूर्वी अशी वेळ डायरीत पेन्सिलने लिहीत, आता ती संगणकावर ‘तात्पुरती’ म्हणून ठेवतात. वरून काही आले नाही तर तीच पक्की होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाला दिसत नाही. बहुतेक सचिव दिवसातून एकदा, सकाळी किंवा संध्याकाळी, साहेबांसमोर पाच-दहा मिनिटे बसतात आणि आलेल्या विनंत्या एकामागून एक सांगतात. प्रत्येक विनंतीच्या वाट्याला एखादे वाक्य येते : ‘अमुक संस्थेच्या बाई आहेत, अमुक कामासाठी पंधरा मिनिटे हवीत.’ त्यावर साहेब ‘द्या’, ‘नको’ किंवा ‘तमक्यांकडे पाठवा’ एवढेच म्हणतात. म्हणजे आपले सारे म्हणणे शेवटी एका वाक्यात, दुसऱ्याच्या तोंडून साहेबांपर्यंत पोहोचणार असते. ते वाक्य आपणच तयार करून दिले तर सचिवाचे काम सोपे होते आणि आपले म्हणणे बदलतही नाही. दोन पानी पत्र पाठविले, तर त्यातून वाक्य शोधण्याचे काम तिच्यावर पडते आणि ती कोणते शोधील, हे सांगता येत नाही.

एक उदाहरण

समजा, इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत एक बाई पाळणाघर चालवितात. एका कारखान्यातल्या आठ महिला कर्मचाऱ्यांची मुले त्यांच्याकडे असतात. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणे मालकांवर बंधनकारक झाले. या कारखान्याने त्यासाठी याच पाळणाघराशी करार केलेला आहे. सोय आहे, पण एक अडचण आहे. कंपनीची बस पाळणाघराच्या दारावरून जाते, तिथे थांबत नाही. आया एक किलोमीटर पुढे उतरतात, मूल कडेवर घेऊन मागे चालत येतात आणि मग रिक्षाने कारखाना गाठतात. आतापर्यंत हे कसेबसे निभावले. पण १५ तारखेपासून पहिली पाळी सातऐवजी सहाला सुरू होणार आहे. पहाटे सव्वापाचला रिक्षा मिळत नाही. आठपैकी दोघींनी नोकरी सोडण्याची भाषा सुरू केली आहे.

बाईंना कारखानाप्रमुखांकडून एवढेच हवे आहे की पहिल्या पाळीच्या बसने पाळणाघराशी दोन मिनिटे थांबावे. आता वेळ कशी मागायची?

आधी फोन, तोही अर्ध्या मिनिटाचा

पहिला फोन वेळ पदरात पाडून घेण्यासाठी करायचाच नसतो. विनंती कोणाकडे आणि कशी पाठवायची, हे विचारण्यासाठी तो करायचा. कचेरी उघडता उघडता सचिवाच्या टेबलावर सर्वांत जास्त गर्दी असते आणि सुटण्याच्या वेळी दिवसाची आवराआवर असते. अकरा ते साडेबारा किंवा तीन ते साडेचार हा काळ त्या मानाने बरा.

‘नमस्कार. मी अमुक पाळणाघरातून बोलते आहे. आपल्या आठ कर्मचारी महिलांची मुले आमच्याकडे असतात. आता एक मिनिट बोलता येईल का?’

‘बोला.’

‘कंपनीच्या बसच्या एका थांब्याबद्दल कारखानाप्रमुखांची पंधरा मिनिटांची वेळ हवी होती. सगळे चार ओळींत लिहून पाठवू का? कोणत्या पत्त्यावर पाठवू?’

‘ई-मेल करा, पत्ता सांगते.’

‘आपले नाव कळेल का? पत्र आपल्याच नावाने लिहीन.’

संभाषण इथे संपले पाहिजे. बसची आणि रिक्षाची सारी कथा फोनवर सांगायची नाही. सचिवाला ती पुन्हा कोणाला तरी सांगावी लागेल आणि निम्मी हातात राहील. नाव मात्र जरूर विचारावे आणि ते नीट लिहून घ्यावे. ‘अहो सेक्रेटरी’ किंवा ‘जरा तिथल्या मॅडमना द्या’ असे म्हणणाऱ्यांच्या गर्दीत, नावाने बोलणारा माणूस लक्षात राहतो. सचिव म्हणजे बाईच असणार, हेही गृहीत धरू नये. सरकारी कचेऱ्यांत आणि अनेक कंपन्यांत हे काम पुरुषही करतात.

काही जण प्रश्न टाळण्यासाठी ‘पर्सनल काम आहे’ असे सांगतात. तो सर्वांत वाईट उपाय. साहेबांनी ‘कोण?’ विचारले की सचिवाकडे उत्तर नसते आणि खोटे उघडे पडले की पुढच्या वेळी दार बंद होते. विषय खरोखरच नाजूक असेल, तर ‘एका कर्मचाऱ्याची खासगी बाब आहे, तपशील प्रत्यक्षच सांगू इच्छिते’ असे सरळ म्हणावे. सचिवाच्या हातून रोज कितीतरी गोपनीय कागद जातात. एवढे सांगितलेले तिला पुरते.

पत्रात काय असावे?

त्याच दिवशी बाईंनी पुढील पत्र पाठविले. आवश्यकतेप्रमाणे हेच हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहिता येईल.

‘विषय : पाळणाघराजवळ बसचा थांबा, कारखानाप्रमुखांच्या १५ मिनिटांच्या भेटीची विनंती

नमस्कार,

सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे लिहीत आहे. आपल्या आठ कर्मचारी महिलांची मुले आमच्या पाळणाघरात असतात. १५ तारखेपासून पहिली पाळी सहाला सुरू होत आहे आणि त्या वेळी या महिलांना पाळणाघरापासून कारखान्यापर्यंत वाहन मिळत नाही. कंपनीची बस आमच्या दारावरूनच जाते. तिला तेथे दोन मिनिटांचा थांबा मिळावा, अशी विनंती कारखानाप्रमुखांना करायची आहे.

भेट १५ मिनिटांची पुरेल. प्रत्यक्ष येऊ शकते, फोनवर बोललेलेही चालेल. प्रत्यक्ष असल्यास मी एकटीच येईन.

मला शक्य असलेल्या वेळा : मंगळवार दि. ९, दुपारी ३ ते ५. गुरुवार दि. ११, सकाळी ११ ते १. शुक्रवार दि. १२, दुपारी ३ नंतर. यांपैकी कोणतीच सोयीची नसल्यास आपण सुचवाल ती वेळ पाहीन.

हा विषय दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे असल्यास कृपया तसे कळवावे, मी त्यांना भेटेन.

आपली,’ आणि खाली नाव, पाळणाघराचे नाव, मोबाइल क्रमांक.

हे पत्र मिनिटभरात वाचून होते. त्यातली प्रत्येक गोष्ट सचिवाच्या एकेका प्रश्नाचे उत्तर आहे : कोण, कशासाठी, किती वेळ, कुठे, किती जण, कधी आणि कधीपर्यंत. यातले एक जरी सुटले तरी तिला उलट फोन करावा लागतो आणि तो फोन होईपर्यंत आपली विनंती बाजूला पडून राहते.

वेळेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ‘आपल्या सोयीने कधीही’ असे लिहिणे पुष्कळांना विनयाचे वाटते. प्रत्यक्षात सचिव एखादी वेळ काढते आणि मग आपणच म्हणतो, ‘अय्या, त्या दिवशी मी गावाला आहे!’ दुसऱ्या टोकाला काही जण ‘बुधवारी बरोबर चार वाजता’ असे फर्मान काढतात. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशीचे, सकाळ आणि दुपार असे मिश्र पट्टे द्यावेत. त्यांतली एखादी फट डायरीतल्या फटीशी जुळण्याची शक्यता बरीच वाढते. आणि एकदा दिलेल्या वेळा उत्तर येईपर्यंत स्वतः मोकळ्या ठेवाव्यात.

मुदत सांगताना कारणही सांगावे. ‘अर्जंट आहे’ हा शब्द सचिव दिवसातून वीस वेळा ऐकते. ‘१५ तारखेपासून पाळी बदलते’ हे मात्र तिला तपासता येते आणि साहेबांना सांगताही येते.

विनंती कोणत्या दिवसांत जाते, यालाही महत्त्व आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्यामुळे जुलै आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध, तसेच एप्रिलअखेर ते मे, या काळात वरिष्ठांच्या डायऱ्या खचाखच भरलेल्या असतात. मार्चचा शेवटचा आठवडा तर कुठल्याच कचेरीत मोकळा नसतो. काम थांबण्यासारखे असेल, तर हे दिवस टाळलेले बरे.

‘तमक्यांना भेटा’ म्हणजे नकार नव्हे

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : ‘बसचा विषय प्रशासन व्यवस्थापकांकडे असतो. कारखानाप्रमुख ९ आणि १० तारखेला दौऱ्यावर आहेत. गुरुवार दि. ११, सकाळी ११.४० ते ११.५० वेळ ठेवली आहे. प्रशासन व्यवस्थापकही असतील. गेटपाससाठी ओळखपत्रावरील नाव, वाहन क्रमांक आणि लॅपटॉप आणणार का, ते कळवावे.’

पंधरा मागितली तर दहाच मिनिटे मिळाली, असे वाटून कोणी नाराज होईल. पण सचिवाने काय केले ते पाहा. बसचा ठेका कोणाकडे आहे, थांबा बदलायला कोणाची सही लागते, हे तिला ठाऊक होते. तो माणूस खोलीत नसता, तर साहेब म्हणाले असते, ‘बघतो, विचारून सांगतो,’ आणि १५ तारीख निघून गेली असती. दोघांना एकत्र आणून तिने दहा मिनिटांत निर्णय होईल अशी सोय केली. ११.४० ही विचित्र वेळही उगाच नाही. आधीची बैठक साडेअकराला संपते आणि बाराला मुख्य कार्यालयाचा फोन ठरलेला असतो.

म्हणूनच पत्रातले शेवटचे वाक्य, ‘विषय दुसऱ्यांकडे असल्यास कळवावे’, फार उपयोगाचे. सचिवाला कंपनीतला प्रत्येक विभाग माहीत असतो. ती ‘खरेदी विभागाला भेटा’ किंवा ‘कार्मिक विभागात जा’ असे म्हणते, तेव्हा ती आपल्याला झटकीत नसते, बहुतेक वेळा जवळचा रस्ता दाखवीत असते. मात्र त्या अधिकाऱ्याचे नाव तिच्याकडून घ्यावे आणि ‘आपण सुचविले असे त्यांना सांगितले तर चालेल ना?’ हेही विचारावे. तिच्या परवानगीने तिचे नाव घेतले की पुढचे दार लवकर उघडते. परवानगीशिवाय घेतले तर ती अडचणीत येते. ओळखीच्या बड्या माणसाचे नाव घेतानाही हाच नियम पाळावा.

उत्तर आलेच नाही तर?

तीन कामाचे दिवस वाट पाहावी. नंतर त्याच पत्राच्या खाली दोन ओळी लिहाव्यात : ‘माझी सोमवारची विनंती खाली आहे. वर दिलेल्या वेळांपैकी गुरुवार आणि शुक्रवार अजून मोकळे आहेत.’ जुने पत्र खाली असले म्हणजे सचिवाला शोधाशोध करावी लागत नाही. त्यावरही शांतता राहिली, तर एकच फोन : ‘साहेबांना वेळ नसेल तर हरकत नाही, या विषयासाठी आणखी कोणाला भेटू शकते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे सचिवालाही जड जाते, कारण तो वाजवी असतो.

काही गोष्टी मात्र हमखास बिघडवितात. दिवसातून तीन-तीन फोन करणे ही पहिली. ‘साहेब आत्ता नक्की कुठे आहेत?’ अशी उलटतपासणी ही दुसरी. ते सांगण्याचा तिला अधिकार नसतो आणि खोटे बोलायला लावणे योग्य नव्हे. तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे तिला वगळून साहेबांच्या मोबाइलवर थेट संदेश पाठविणे. साहेब तो संदेश बहुधा सचिवाकडेच पुढे पाठवितात. मग तीच विनंती पुन्हा तिच्याच टेबलावर येते, या वेळी नाराजीसह. वेळ लवकर मिळावी म्हणून मिठाईचा पुडा किंवा भेटवस्तू नेणेही टाळावे. अनेक कंपन्यांत अशी भेट घेण्यास मनाई असते. आपण तिला आदर दाखवीत आहोत असे आपल्याला वाटते, तिला मात्र सर्वांदेखत ती परत करावी लागते.

भेटीच्या दिवशी

कारखान्याच्या दारावर नोंद, ओळखपत्राची तपासणी, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आणि आत चालत जाणे, यात सहज वीस मिनिटे जातात. ११.४० ची भेट असेल तर सव्वाअकराला दारावर असावे. उशीर होणार हे कळताच सचिवाला कळवावे, तिथे पोहोचल्यावर नव्हे. दहा मिनिटे आधी कळले तर ती दुसरी भेट पुढे ओढू शकते. ऐन वेळी कळले तर तिच्या हातात काही उरत नाही.

भेट शेवटच्या क्षणी रद्द झाली, असेही होते. ग्राहक अचानक येतो, यंत्र बंद पडते. तो निर्णय सचिवाचा नसतो, तो सांगण्याचे अप्रिय काम तेवढे तिच्या वाट्याला येते. राग तिच्यावर काढण्याऐवजी त्याच फोनवर दोन नव्या वेळा द्याव्यात. रद्द झालेल्या भेटीला नव्या विनंतीपेक्षा आधी जागा देण्याची पद्धत बहुतेक सचिव पाळतात, पण नवी वेळ हाताशी असेल तरच.

आत गेल्यावर दिलेला शब्द पाळणे उरते. पाळणाघराच्या बाईंनी दोन मिनिटांत अडचण सांगितली, आठ जणींची यादी आणि बसच्या मार्गाचा हाताने काढलेला नकाशा पुढे ठेवला. प्रशासन व्यवस्थापकांनी विचारले, ‘बस थांबल्याने पुढच्या थांब्यांना उशीर होईल त्याचे काय?’ बाईंनी सांगितले की मुले दारातच उतरवून घेण्यासाठी दोन मदतनीस उभ्या राहतील. एक महिना करून पाहू, असे ठरले. अकरा पन्नासला त्या उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी सचिवाला दोन ओळी लिहिल्या : ‘आज वेळ मिळवून दिल्याबद्दल आभार. प्रशासन व्यवस्थापकांना आपण बरोबर बोलाविले म्हणून काम तिथेच झाले. १५ तारखेपासून बस थांबेल.’ या आभारात नवी मागणी नव्हती, साहेबांना पाठविलेली प्रतही नव्हती. महिन्याभराने थांबा कायम करण्यासाठी पुन्हा वेळ मागावी लागेल. तेव्हा फोन उचलणारी व्यक्ती त्यांना नावाने ओळखत असेल.